लॅबमध्ये १५ डेसिबल स्क्वीझिंग, मग लिगोला त्याच्या निम्मंही का मिळत नाही?

आडवाटेचा_प्रवासी

मंडळी, सध्या रात्री जेवणं झाली की स्क्वीझ्ड लाइटबद्दल वाचत बसतो आणि एका ठिकाणी गाडी अडकलीये. मला जेवढं कळलंय ते आधी लिहितो, चुकत असेल तर कान धरा.

प्रकाशलहरीचे दोन क्वाड्रेचर असतात, ढोबळमानाने एक अँप्लिट्यूडचा आणि एक फेजचा. लेझर कितीही चांगला असला तरी दोन्हींत थोडी थरथर राहतेच, आणि दोन्हींच्या थरथरीचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही. पण एकीची कमी करून दुसरीची वाढवायला निसर्गाची हरकत नाही, ह्यालाच स्क्वीझिंग म्हणतात. १९८५ मध्ये बेल लॅब्सवाल्यांनी सोडियमच्या अणूंवर हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हा फरक अगदीच किरकोळ होता. २०१६ मध्ये हॅनोव्हरला १५ डेसिबल मोजलं, म्हणजे गोंगाटाची पॉवर बत्तिसाव्या हिश्श्यावर.

आता लिगो, म्हणजे दोन लांब भुजांतला लेझर जुळवून गुरुत्वीय लहरी पकडणारी अमेरिकेतली दोन यंत्रं. मे २०२३ मध्ये निरीक्षणांची चौथी फेरी सुरू झाली तिचे आकडे बघितले तर हॅनफर्डच्या यंत्राला ४.० डेसिबल आणि लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला ५.८. एवढा पैसा, एवढी डोकी, आणि टेबलावर जे १५ होतं ते तिथे ४ ते ६ वर का अडकतं? मोठा क्रिस्टल लावा, जास्त पंप करा, १५ नाही तर २० बनवा, काहीतरी तर सुधारेल ना?

आणि एक छोटी शंका. हॅनफर्डला गोंगाट १.६ पट कमी झाला म्हणतात. १.६ चा लॉग घेऊन दहाने गुणलं की २ डेसिबल येतात, ४ कुठून आले?

---

ओहमकाका

शेवटचं सोपं आहे. १.६ हे अँप्लिट्यूडचं गुणोत्तर आहे, म्हणून २० लॉग घ्या, ४ येतील. लिगो स्ट्रेन, म्हणजे भुजेच्या लांबीतला सापेक्ष बदल मोजतं, पॉवर नाही.

बाकी मूळ कल्पना आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना नवीन नाही हो. सिग्मा-डेल्टा कन्व्हर्टरमध्ये नॉइज शेपिंग करतात तेच हे. गोंगाट फक्त आपल्याला नको त्या बाजूला ढकलायचा.

आणि १५ चे ६ होतात ते मध्ये लॉस असणार म्हणून, पण खरं सांगायचं तर ते मला पटत नाही. अटेन्युएटर लावला की सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच कमी होतात, गुणोत्तर तेच राहतं. मग लॉसने स्क्वीझिंग बिघडायचं कारणच काय? मला वाटतं हे लोक कंट्रोल लूपमध्ये कुठेतरी कमी पडतायत.

---

सांजवात

काका, डेसिबलचं तुमचं बरोबर. मी ह्याच धंद्यात आहे (जर्मनीत, टेबलटॉपवर, लिगोमध्ये नाही), म्हणून बाकीच्यावर थोडं लांबण लावते.

नॉइज शेपिंगमध्ये गोंगाट वेगळ्या फ्रिक्वेन्सीला ढकलतात आणि मग फिल्टर लावून तो कायमचा काढून टाकता येतो. इथे ढकललेला गोंगाट त्याच फ्रिक्वेन्सीला असतो, फक्त नव्वद अंशांनी सरकलेला. तो काढून टाकायची सोयच नाही, किरणाबरोबर शेवटपर्यंत येतो. पुढचा बराचसा वैताग त्याचाच आहे.

आता अटेन्युएटर. तुम्ही आरएफवर काम केलंय तर तुम्हाला हे माहीत असणार: साध्या तापमानाला ३ डेसिबलचा पॅड लावला की नॉइज फिगर ३ डेसिबलने बिघडते. का? तर पॅडचा रेझिस्टर सिग्नल खातो आणि बदल्यात स्वतःचा थर्मल नॉइज आत घालतो. प्रकाशातही अगदी असंच, फक्त थर्मल नॉइजच्या जागी व्हॅक्यूमची थरथर. जिथून प्रकाश बाहेर सांडतो त्याच फटीतून साधा, न दाबलेला व्हॅक्यूम आत येतो. १० टक्के गेला तर १० टक्के साधा व्हॅक्यूम आला.

हिशोब करून बघा. साध्या व्हॅक्यूमचा गोंगाट १ धरू. १० डेसिबल स्क्वीझिंग म्हणजे ०.१. वाटेत ३० टक्के प्रकाश गेला तर उरलं ०.७ गुणिले ०.१, म्हणजे ०.०७, आणि त्यात आत आलेले ०.३ मिळवा. झाले ०.३७, म्हणजे जेमतेम ४.३ डेसिबल. दुसऱ्या क्वाड्रेचरचा गोंगाट १० पट होता, तो ०.७ गुणिले १० अधिक ०.३ म्हणजे ७.३, साधारण ८.६ डेसिबल. बघा, वाईट बाजूला फारसा धक्का नाही आणि चांगली बाजू पार धुऊन निघाली.

ह्यातून प्रवासींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. ३० टक्के लॉस असताना तुम्ही अगदी अमर्याद स्क्वीझिंग बनवलंत तरी ०.३ च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे ५.२ डेसिबल. क्रिस्टलमध्ये काय बनवलं ह्याला मग फारशी किंमत उरत नाही.

---

आडवाटेचा_प्रवासी

हे भारी आहे. पण "फटीतून व्हॅक्यूम आत येतो" हे फक्त हिशोब जुळवायला म्हणायचं की खरंच काही येतं? शून्यातून काय येणार?

---

सांजवात

खरंच येतं, आणि लिगोचा शॉट नॉइज, म्हणजे प्रकाश मोजतानाचा क्वांटम गोंगाट, मुळात तिथूनच येतो. १९८१ मध्ये कार्लटन केव्हज यांनी हेच दाखवलं. दोन भुजांतून परत आलेला प्रकाश बाहेरच्या तोंडाशी एकमेकांना जवळपास पूर्ण रद्द करेल असं लिगो लावलेलं असतं, म्हणून ते तोंड अंधारं. लेझरचा प्रकाश उलट्या दिशेने परत जातो आणि लेझरचा स्वतःचा गोंगाटही बहुतांशी त्याच्याबरोबर जातो. मग डिटेक्टरवर उरतो तो गोंगाट कुठला? तर त्या अंधाऱ्या तोंडातून आत शिरलेल्या व्हॅक्यूमचा, जो भुजांमध्ये फिरून परत बाहेर येतो. केव्हजचं म्हणणं असं की त्या तोंडातून काहीतरी आत जाणारच आहे, तर साध्या व्हॅक्यूमऐवजी स्क्वीझ्ड व्हॅक्यूम पाठवा. लेझरला हातही लावायचा नाही.

दुसऱ्या बाजूने बघायचं तर स्क्वीझ्ड व्हॅक्यूम हा जोड्यांचा प्रकाश आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन क्रिस्टलमध्ये फुटतो आणि १०६४ चे दोन निघतात. सगळी करामत त्या दोघांच्या संगनमतात आहे. वाटेत एक हरवला की उरलेला एकटा नुसता गोंगाट वाढवतो.

---

औंढेकर

नमस्कार. विषय डोक्यावरून जातोय तरी वाचतोय, कारण लिगो इंडिया आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात होतंय. २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले तेव्हा गावात पेढे वाटले होते. आमच्याकडे कायम चर्चा असते की तिथे ट्रॅक्टर, जेसीबी, जड गाड्या चालल्या की यंत्राला हादरे बसतील. तर हे स्क्वीझिंग वापरलं की ते हादरे कमी होतील का? मग गाड्यांची अडचण राहणार नाही ना?

---

ओहमकाका

औंढेकर, माझ्या मते नाही. हादरे हा वेगळा गोंगाट.

---

सांजवात

काका बरोबर सांगतायत. ट्रॅक्टरचा हादरा जमिनीतून आरशापर्यंत पोचतो, त्यासाठी आरसे एकाखाली एक अशा लंबकांवर टांगलेले असतात आणि खाली हादरे शोषणारे प्लॅटफॉर्म असतात. स्क्वीझिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते फक्त प्रकाशाच्या स्वतःच्या क्वांटम गोंगाटावर चालतं, जो मुख्यतः वरच्या फ्रिक्वेन्सीला नडतो. गाड्या जवळून गेल्या तर त्रास होणारच, स्क्वीझिंग असो वा नसो.

पण औंढ्याच्या डिटेक्टरमध्ये हे असणार हे नक्की. हल्ली असे बहुतेक डिटेक्टर स्क्वीझर वापरतात.

---

खगोलवेडा

माझी केस वेगळी आहे पण इथेच विचारतो. मी घराच्या गच्चीवरून गॅलेक्सींचे फोटो काढतो, आणि मंद वस्तूंच्या फोटोत दाणे येतात ते शॉट नॉइजमुळे असं सगळे सांगतात. तर सेन्सरच्या आधी असा स्क्वीझिंगचा क्रिस्टल लावता येईल का? महाग असेल माहीत आहे, तत्त्वतः विचारतोय.

---

तिसरा_मजला

तत्त्वतःही नाही हो. लिगोमध्ये लेझर आपला, आरसे आपले, आणि गोंगाट कुठल्या तोंडातून आत येतो ते आपल्याला माहीत, म्हणून तिथे बूच मारता येतं. ताऱ्याकडून येणारे फोटॉन निघतानाच विस्कळीत निघालेत, तुमच्याकडे पोचेपर्यंत त्यांच्यात कसलीही जोडी-बिडी नाही. आता क्रिस्टल लावून ती तयार होणार नाही. तुम्हाला एकच उपाय, जास्त वेळ एक्स्पोजर.

मी पीएचडीला आहे, रुबिडियमच्या वाफेत फोर वेव्ह मिक्सिंग करतो, तर त्या अर्ध्या उत्तराचं दुसरं अर्धं मी घालतो. सांजवात ताईंनी लॉस सांगितला, पण "जास्त पंप करा" ह्याला खरा लगाम फेज नॉइज घालतो. डिटेक्टरवर तुम्ही कुठलं क्वाड्रेचर मोजताय हे लोकल ऑसिलेटरच्या, म्हणजे तुलनेसाठी मिसळलेल्या जोरदार लेझर किरणाच्या, फेजवर ठरतं. ती फेज जराशी हलली की वाईट क्वाड्रेचरचा थोडा वाटा मोजमापात शिरतो. दाबलेल्या क्वाड्रेचरचा गोंगाट V₋ आणि फुगलेल्याचा V₊ धरला, आणि कोन थीटाने चुकला, तर मोजलेला गोंगाट

V = V₋·cos²θ + V₊·sin²θ

आता १० डेसिबलला V₊ आहे १०. २० डेसिबलला तो १०० होतो. तेवढ्याच चुकलेल्या कोनातून दहापट जास्त घाण आत येते. म्हणजे कोन स्थिर नसेल तर जास्त स्क्वीझिंग करून नुकसानच होतं, नुसता फायदा थांबतो असं नाही.

---

आडवाटेचा_प्रवासी

थांबा, हे दोन्ही एकत्र करून बघतो. ३० टक्के लॉस आणि कोनाची चूक ५० मिलिरेडियन, म्हणजे जेमतेम ३ अंश, असं धरलंय, eta म्हणजे लॉसनंतर उरलेला वाटा:

```python
import math

def out(sq_db, eta, theta):
    vm = 10**(-sq_db/10)
    vp = 10**(sq_db/10)
    v = vm*math.cos(theta)**2 + vp*math.sin(theta)**2
    return 10*math.log10(eta*v + 1 - eta)

for s in (6, 10, 13, 15, 20):
    print(s, round(out(s, 0.7, 0.05), 2))
```

उत्तर आलं:

```
6 -3.17
10 -4.12
13 -4.32
15 -4.23
20 -3.17
```

अरे! ६ डेसिबल बनवा नाहीतर २० डेसिबल बनवा, हातात सारखेच ३.१७ पडतात. आणि सगळ्यात चांगलं १३ ला. हे बघून माझा "२० बनवा" वाला सल्ला मी गुपचूप खिशात घालतो.

---

सांजवात

छान केलंत. १३ च का तेही बघा: गोंगाट सगळ्यात कमी तेव्हा होतो जेव्हा V₊ गुणिले थीटाची टॅन १ होते, ०.०५ ला V₊ २० येतो, म्हणजे १३ डेसिबल. लॉस कितीही असो, हा आकडा बदलत नाही, तो फक्त कोनावर ठरतो. आम्ही पंपची पॉवर वाढवत नेतो आणि स्क्वीझिंग वाढायचं थांबून परत खाली यायला लागलं की थांबतो, तो हाच बिंदू.

फक्त एक, खऱ्या यंत्रात कोन ३ अंशांवर अडकून बसत नाही, तो सरासरीच्या दोन्ही बाजूंना डोलतो. थीटाच्या जागी त्या डोलण्याचं आरएमएस घातलं की लहान कोनांना हाच हिशोब चालतो.

आणि हॅनोव्हरला १५ कसे निघाले ते आता दिसेल. तिथे एकूण लॉस २.५ टक्के होता आणि फेजची थरथर १.७ मिलिरेडियन. क्रिस्टलपासून फोटोडायोडपर्यंत दोन-चार लेन्स, बस. फोटोडायोडची कार्यक्षमता त्यांनी त्याच मोजमापातून ९९.५ टक्के काढली. लिगोमध्ये ह्या किरणाला किती लांबचा प्रवास आहे बघा: क्रिस्टल, मग उलटा येणारा प्रकाश अडवायला फॅराडे आयसोलेटर, मग आणखी एक, मग समोरासमोरच्या आरशांची फिल्टर कॅव्हिटी, मग ४ किलोमीटरच्या भुजा, बाहेर येताना पुन्हा फॅराडे, नको ते मोड, म्हणजे किरणाचे नको ते आकार, गाळणारी छोटी कॅव्हिटी आणि शेवटी डायोड. समजा अशा दहा जागा आणि प्रत्येकी फक्त २ टक्के. ०.९८ चा दहावा घात ०.८२, म्हणजे १८ टक्के गेले. प्रत्येक तुकडा बनवणारा म्हणणार माझा भाग ९८ टक्के उत्तम आहे, आणि तो खोटं बोलत नाही.

---

ओहमकाका

पॅडचं उदाहरण पटलं. पण मग एवढी उठाठेव कशाला, लेझरच मोठा करा की. शॉट नॉइज पॉवरच्या वर्गमुळाने कमी होतो. ६ डेसिबल स्क्वीझिंग म्हणजे लेझर चौपट केल्यासारखं, बरोबर? लेझर चौपट करणं सोपं नाही का?

---

सांजवात

हिशोब बरोबर, पण "सोपं" शब्द तिथल्या कुणासमोर काढू नका. भुजांमध्ये आत्ताच ३००-४०० किलोवॅट फिरतात, मूळ डिझाइन ७५० चं होतं. आरशाच्या कोटिंगवर कुठेतरी एक सूक्ष्म ठिपका असतो, तो थोडा प्रकाश शोषतो, तापतो, तिथे आरसा किंचित फुगतो आणि किरण नको त्या मोडमध्ये विखुरतो. पॉवर वाढवली की हा त्रास वाढत जातो. त्या अर्थाने स्क्वीझिंग म्हणजे आरसा न तापवता मिळालेली पॉवर. २०१९ च्या फेरीत २ ते ३ डेसिबलच होतं, तरी घटना पकडण्याचा वेग साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढला.

पण पॉवर वाढवा नाहीतर स्क्वीझिंग वाढवा, एक दुखणं दोन्हींत सारखंच येतं. फेजचा गोंगाट दाबला की अँप्लिट्यूडचा वाढतो. वाढलेला अँप्लिट्यूडचा गोंगाट म्हणजे आरशावर आपटणाऱ्या फोटॉनच्या दाबाची थरथर, आणि ती ४० किलोचा आरसा खरोखर हलवते. २०२० मध्ये लिव्हिंग्स्टनला हे मोजलं गेलं. आरसा जड असल्यामुळे तो फक्त हळू धक्क्यांना दाद देतो, म्हणून हा त्रास साधारण दहा ते पन्नास हर्ट्झच्या पट्ट्यात. वर एक किलोहर्ट्झला कोणी विचारत नाही.

---

आडवाटेचा_प्रवासी

म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला फेज दाबायची आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला अँप्लिट्यूड? एकाच किरणात?

---

सांजवात

बरोब्बर हेच. ती फिल्टर कॅव्हिटी त्यासाठीच आहे, ३०० मीटर लांब. स्क्वीझ्ड किरण इंटरफेरोमीटरमध्ये जायच्या आधी तिच्यावर आपटून परत येतो. कॅव्हिटी किंचित डिट्यून केलेली असते आणि तिच्या रेझोनन्सची रुंदी जेमतेम काही डझन हर्ट्झ असते. वरच्या फ्रिक्वेन्सीचा भाग तिला शिवतही नाही, जसाच्या तसा परततो. खालचा भाग आत जाऊन बाहेर येतो आणि येताना त्याचा कोन फिरलेला असतो. काकांचं नॉइज शेपिंग इथे जरा जवळ येतं, कारण आता कुठला गोंगाट कुठे टाकायचा हे फ्रिक्वेन्सीप्रमाणे ठरतंय. ३०० मीटर लांब का, तर कॅव्हिटी छोटी केली तर एवढी अरुंद रुंदी मिळवायला प्रकाशाला आरशांवर फार जास्त वेळा आपटावं लागतं, आणि प्रत्येक आपटीला थोडा लॉस. आणि लॉस म्हणजे काय हे आता सगळ्यांना कळलंय.

ह्याने स्क्वीझिंग नसण्याच्या तुलनेत रेंज, म्हणजे किती लांबची घटना पकडता येते ते अंतर, १५ ते १८ टक्के वाढली. रेंजचा घन म्हणजे आकाशाचं आकारमान, १.१८ चा घन १.६४, म्हणून घटना ६५ टक्क्यांपर्यंत जास्त असं म्हणतात.

---

तिसरा_मजला

आता माझी रड. आमच्या ग्रुपमध्ये होमोडाइनचा, म्हणजे लोकल ऑसिलेटरशी जुळवून मोजायचा, एक वेगळा सेटअप आहे, ओपीओवाला, म्हणजे कॅव्हिटीतल्या क्रिस्टलमध्ये स्क्वीझिंग बनवणारा, माझ्या ज्युनियरचा. त्याने परवा ४ डेसिबल स्क्वीझिंग दाखवलं, सगळे खूश, गाइड खूश. पण अँटीस्क्वीझिंग, म्हणजे दुसऱ्या क्वाड्रेचरचा वाढलेला गोंगाट, विचारलं तर फक्त ३ डेसिबल. हे कसं शक्य आहे? माझ्या वाफेच्या प्रयोगात दोन किरणांच्या तीव्रतेतला फरक मोजतो, लोकल ऑसिलेटरच नाही, त्यामुळे फेजची कटकट मला कधी आली नाही, आणि होमोडाइनमध्ये माझा हात कच्चा आहे.

---

सांजवात

शक्य नाही, ते स्क्वीझिंग नाहीये किंवा त्याची शून्य रेषा, म्हणजे साध्या व्हॅक्यूमच्या गोंगाटाची पातळी, चुकलीये. ४ डेसिबल म्हणजे ०.४, ३ डेसिबल म्हणजे २. गुणाकार ०.८. तो १ च्या खाली जाऊच शकत नाही. खऱ्या प्रयोगात लॉस असल्यामुळे तो १ च्या चांगलाच वर असतो. मघाच्या उदाहरणात ०.३७ गुणिले ७.३, म्हणजे २.७ होता.

असं झालं की मी पहिला संशय डायोडवर घेते. लोकल ऑसिलेटर इतका जोरात असतो की डिटेक्टर सॅच्युरेट होतो आणि गोंगाट दबलेला दिसतो. तपासायचं असं: स्क्वीझ्ड किरण कागदाने अडवा, फक्त लोकल ऑसिलेटर ठेवा, त्याची पॉवर दुप्पट करा. शॉट नॉइज नेमका ३ डेसिबलने वर गेला पाहिजे. २ ने गेला तर डायोड सॅच्युरेट होतोय. ६ कडे गेला तर लेझरचा स्वतःचा गोंगाट शिरतोय, म्हणजे दोन डायोडचं संतुलन बिघडलंय. मग सगळंच अडवा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डार्क नॉइज बघा, तो शॉट नॉइजच्या किमान १० डेसिबल खाली हवा, १५-२० असला तर उत्तम.

आणि शून्य रेषा घेताना लोकल ऑसिलेटरची पॉवर तीच होती का तेही त्याला विचारा. कागद काढताना-लावताना माउंटला हात लागून किरण हलतो, हे फार वेळा होतं.

---

तिसरा_मजला

दुप्पट पॉवरला १.८ डेसिबल. डायोडच. बिचारा ज्युनियर गप्प बसलाय, गाइडना अजून कोणी सांगितलेलं नाही.

पॉवर कमी करून परत घेतलं तर आता १.६ डेसिबल स्क्वीझिंग आणि ५ डेसिबल अँटी. हे खरं वाटतं तरी. आता लॉस शोधायचाय. व्हिजिबिलिटी, म्हणजे दोन्ही किरण एकमेकांवर किती नीट जुळतात ते, ९० टक्के आहे, ठीक आहे ना?

---

सांजवात

नाही, तीच तर गळती. व्हिजिबिलिटीचा वर्ग घ्यायचा असतो. ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे १९ टक्के लॉस एकट्या तिथेच. ९८ पर्यंत आणलीत तर ४ टक्क्यांवर येईल. लोकल ऑसिलेटर आणि स्क्वीझ्ड किरण यांचा आकार डिटेक्टरपाशी तंतोतंत जुळवायचा, लेन्स पुढे-मागे करत संध्याकाळ जाते, पण ह्या सेटअपमध्ये सगळ्यात स्वस्त डेसिबल तिथेच आहेत.

तुमचे आकडे घेऊन मी उलटा हिशोब केला. १.६ म्हणजे ०.६९, ५ म्हणजे ३.१६. फेजची चूक नाही असं धरलं तर (१ − ०.६९) भागिले (३.१६ − १) मधून मूळचं स्क्वीझिंग साधारण ८.४ डेसिबल निघतं आणि एकूण कार्यक्षमता ३६ टक्के. म्हणजे व्हिजिबिलिटीच्या १९ टक्क्यांपलीकडे अजून बरंच कुठेतरी सांडतंय. डायोड साधे असतील, नाहीतर ओपीओच्या आतच. पंप बदलून चार-पाच बिंदू घ्या. अँटी वाढत जाताना स्क्वीझिंग एका जागी सपाट झालं तर फक्त लॉस. वळून खाली यायला लागलं तर फेज.

---

ओहमकाका

हा धागा मी चक्क प्रिंट करून ठेवणार. पण एक प्रश्न उरतोच. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन जुळी यंत्रं म्हणतात. मग एकाला ४.० आणि दुसऱ्याला ५.८ का? मी उलटं केलं, ५.८ म्हणजे ०.२६, म्हणजे लिव्हिंग्स्टनचा लॉस २६ टक्क्यांपेक्षा जास्त असूच शकत नाही. हॅनफर्डला ०.४, म्हणजे कमाल ४० टक्के. एवढा फरक फक्त घाणेरड्या लेन्समुळे?

---

तिसरा_मजला

कमाल ४० टक्के, पण खरा किती ते एका आकड्यावरून सांगता येणार नाही काका. थोडा फेजचाही असू शकतो, अँटीस्क्वीझिंग बघितल्याशिवाय वेगळं काढणार कसं? माझी पैज साध्या लॉसवर आहे.

---

सांजवात

माझी पैज मोड जुळण्यावर. आणि ते साध्या लॉसमध्ये धरलं की गडबड होते, कारण आकार न जुळल्यामुळे दुसऱ्या मोडमध्ये गेलेला प्रकाश कायमचा हरवतोच असं नाही. तो पुढच्या कॅव्हिटीपाशी परत मूळ मोडमध्ये येतो, पण वेगळी फेज घेऊन. मग काही फ्रिक्वेन्सींना स्क्वीझिंग कमी दिसतं आणि काहींना कोनच सरकलेला दिसतो, आणि प्रवासींच्या कोडमधल्या एका η आणि एका θ ने ते पकडता येत नाही.

---

तिसरा_मजला

तरी एक किलोहर्ट्झच्या एका बिंदूला η आणि θ बसवता येतीलच की. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण आधी ज्युनियरची व्हिजिबिलिटी, मग हॅनफर्ड.

---

औंढेकर

आमच्या इथलं यंत्र चालू झालं की त्याचा आकडा इथेच टाकीन. तोपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या प्रश्नावर कोणी वेगळा धागा काढा राव, गावात लोक मलाच विचारतात.